इसार देण्याआधी ले-आउटचा नकाशा मोजा: फूटपट्टी, टेप आणि एक साधी बेरीज

तालुक्याच्या गावांभोवती रस्त्याकडेच्या शेतात सिमेंटचे खांब उभे राहिले की आठ दिवसांत मोबाईलवर नकाशा येतो. नकाशावर चौकोन आखलेले, चौकोनात नंबर, मधून रस्ते, कोपऱ्यात 'प्रमाण १:५००' असं लिहिलेलं. बहुतेक जण आपला नंबर कुठे आहे, मारुतीचं देऊळ किती लांब आणि भाव काय, एवढंच बघतात. नकाशावर लिहिलेली लांबी-रुंदी आणि क्षेत्र खरं आहे का, हे कोणी तपासत नाही. हे तपासायला इंजिनीअर लागत नाही. शाळेची फूटपट्टी, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास पुरतो.

मात्र त्यात दोन ठिकाणी माणूस हमखास फसतो. एक म्हणजे हातातला कागद मूळ मापाचा नसतो. दुसरं म्हणजे अंतराचं गणित क्षेत्राला लावलं जातं. म्हणून आधी ते समजून घेऊ आणि मग एक नकाशा पूर्ण तपासून बघू.

१:५०० म्हणजे काय?

कागदावर जे एक आहे ते जमिनीवर पाचशे आहे, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. प्लॉटची रुंदी कागदावर १८ मिलिमीटर भरली तर जागेवर ९ मीटर, आणि खोली ३० मिलिमीटर भरली तर जागेवर १५ मीटर.

मोजताना पट्टीच्या काठापासून मोजू नये, कारण काठ झिजलेला असतो. पट्टीवरचा १० चा आकडा रेषेवर ठेवावा, मोजावं आणि आलेल्या आकड्यातून १० सेंटिमीटर वजा करावेत. रेषेच्या जाडीमुळेही फरक पडतो, म्हणून दोन्ही बाजूंना रेषेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावं.

कागद छोटा झाला की प्रमाण बदलतं

ले-आउटचा नकाशा बऱ्याचदा ए-३ किंवा त्याहून मोठ्या कागदावर असतो. आपल्या हातात येते ती मोबाईलवरून आलेल्या फाईलची ए-४ प्रिंट. झेरॉक्सवाला ती कागदात बसावी म्हणून लहान करतो, किंवा प्रिंट काढताना `Fit` हा पर्याय आपोआप लागलेला असतो. नकाशा लहान होतो, पण कोपऱ्यात लिहिलेलं '१:५००' तसंच राहतं. ते अक्षर आहे, त्याला कागद लहान झाल्याचं काय कळणार?

ए-३ चा कागद ए-४ वर आणला की प्रत्येक लांबी साधारण ७१ टक्के होते. म्हणजे १५ मीटरची बाजू ३० मिलिमीटर दिसायला हवी, ती २१ मिलिमीटरच्या आसपास दिसते. अशा कागदावर १:५०० धरून मोजलं तर १५ मीटरचा प्लॉट साडेदहा मीटरचा वाटतो. माणूस घाबरतो, किंवा विकणाऱ्याशी उगाच भांडण काढतो. चूक मात्र कागदाची असते.

म्हणून कोपऱ्यातल्या आकड्यावर विसंबू नये. आपल्या हातातल्या कागदाचं खरं प्रमाण आपणच काढावं. नकाशावर ज्या रेषेची लांबी लिहिलेली आहे, अशी सगळ्यात लांब रेषा शोधा. समजा गटाच्या उत्तरेच्या हद्दीवर '१०० मीटर' लिहिलंय आणि पट्टीनं ती १४१ मिलिमीटर भरली. १०० मीटर म्हणजे १,००,००० मिलिमीटर. त्याला १४१ नं भागलं की ७०९ येतं. म्हणजे तुमच्या कागदाचं प्रमाण १:७०९ आहे, आणि १ मिलिमीटर म्हणजे जागेवर सुमारे ७१ सेंटिमीटर. आता हाच आकडा धरून बाकी सगळं मोजायचं.

त्यानंतर आडवी झाली तशी एक उभी लांब रेषाही याच रीतीनं तपासा. दोन्हीकडून प्रमाण जवळजवळ सारखं आलं तर कागद मोजायच्या लायकीचा आहे. एकीकडून ७०९ आणि दुसरीकडून ७६० आलं, तर चित्र एका बाजूनं ताणलेलं आहे किंवा लिहिलेल्या मापांपैकी एक चुकीचं आहे. जाहिरातीच्या पत्रकात बसवताना चित्र असं ताणलं जातं. मोबाईलनं तिरका काढलेला नकाशाचा फोटो तर मोजूच नये, कारण त्यात जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान दिसते.

काही नकाशांवर आकड्यांशिवाय काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची एक पट्टीही छापलेली असते आणि तिच्यावर ०, १०, २० मीटर असं लिहिलेलं असतं. ती असेल तर काम सोपं होतं. नकाशा लहान झाला की तीही तेवढीच लहान होते, त्यामुळे तिच्याशी ताडून काढलेलं अंतर बरोबर येतं. प्रिंट नव्यानं काढायची असेल तर मूळ पीडीएफ मागावी, आणि दुकानदाराला मूळ मापाच्याच कागदावर `Actual size` हा पर्याय निवडायला सांगावा.

अंतर एकदा, क्षेत्र दोनदा

लांबीसाठी ५०० नं एकदा गुणायचं. क्षेत्रात लांबी आणि रुंदी दोन्ही येतात, म्हणून ते ५०० नं दोनदा गुणलं जातं. कागदावरचं १ चौरस सेंटिमीटर म्हणजे जागेवर ५ मीटर गुणिले ५ मीटर, म्हणजे २५ चौरस मीटर. ५ चौरस मीटर नव्हे. या घोटाळ्यातून सुटायचा सरळ मार्ग असा: आधी प्रत्येक बाजू मीटरमध्ये आणायची आणि मगच गुणाकार करायचा. कागदावरच्या मिलिमीटरचा गुणाकार करूच नये.

लहान झालेल्या कागदाचा फटकाही क्षेत्राला दुप्पट जोरानं बसतो. ए-३ वरून ए-४ वर आलेल्या कागदावर लांबी ७१ टक्के होते, पण क्षेत्र थेट निम्मं होतं. १३५ चौरस मीटरचा प्लॉट १:५०० धरून मोजला तर ६७ चौरस मीटरच्या आसपास भरतो. तुमचं उत्तर लिहिलेल्या क्षेत्राच्या बरोबर निम्मं किंवा दुप्पट आलं, तर पहिला संशय कागदावर घ्या, माणसावर नंतर.

आता एककं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नकाशावर चौरस मीटरमध्ये, भाव चौरस फुटात आणि बोलणं गुंठ्यात, अशी आपल्याकडची तऱ्हा. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा हा जुन्या साखळीवरून आलेला आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ नं गुणायचं. त्या हिशेबानं ९ गुणिले १५ मीटरचा प्लॉट १३५ चौरस मीटर, म्हणजे १,४५३ चौरस फूट होतो. बोलताना त्याला 'दीड गुंठा' म्हटलं जातं, पण दीड गुंठा म्हणजे १,६३३ चौरस फूट. तोंडी गुंठ्यातच १८० चौरस फूट हवेत विरले.

एक नकाशा तपासून बघू

समजा, एक गट ७८ आरचा आहे, म्हणजे ७,८०० चौरस मीटर. नकाशावर तो सरळ आयत आहे: पूर्व-पश्चिम १०० मीटर, उत्तर-दक्षिण ७८ मीटर. पश्चिमेला १० मीटर रुंदीची खुली जागा, तिला लागून ९ मीटरचा उभा रस्ता. उरलेल्या ८१ मीटर लांबीत ९ मीटर रुंदीचे नऊ प्लॉट एका रांगेत. अशा चार रांगा, आणि त्यांच्यामधून ९ मीटरचे दोन आडवे रस्ते. एकूण ३६ प्लॉट. मोबाईलवर आलेल्या नकाशात प्रत्येक प्लॉट '९ × १६.५ मीटर, १,५९८ चौरस फूट' असा लिहिलेला आहे.

एका प्लॉटचा गुणाकार बरोबर आहे. ९ गुणिले १६.५ म्हणजे १४८.५ चौरस मीटर, आणि त्याचे १,५९८ चौरस फूट होतात. एकट्या प्लॉटकडे बघणाऱ्याला इथं काही खोट दिसणार नाही.

आता पट्टी बाजूला ठेवा आणि फक्त बेरीज करा. आधी पूर्व-पश्चिम: १० मीटर खुली जागा, ९ मीटर रस्ता, ८१ मीटरचे प्लॉट. बेरीज १००. जुळलं. मग उत्तर-दक्षिण: १६.५ मीटरच्या चार रांगा म्हणजे ६६ मीटर, ९ मीटरचे दोन रस्ते म्हणजे १८ मीटर. बेरीज ८४ मीटर. गट तर ७८ मीटरचाच आहे. सहा मीटर आले कुठून?

हीच गोष्ट क्षेत्रातही दिसते. ३६ प्लॉटचे ५,३४६ चौरस मीटर, दोन आडव्या रस्त्यांचे १,४५८, उभ्या रस्त्याचे ७०२ आणि खुल्या जागेचे ७८०. बेरीज ८,२८६ चौरस मीटर. सातबारा ७,८०० चा. ४८६ चौरस मीटर जास्तीची जमीन कागदावर विकली जातेय.

खोटं माप कोणतं, प्लॉटचं की रस्त्याचं? इथं पट्टी कामाला येते. या ए-४ कागदाचं खरं प्रमाण आपण १:७०९ काढलंच आहे. त्यावर ९ मीटरचा रस्ता १२.७ मिलिमीटर दिसायला हवा. मोजला तर तो साडेआठच मिलिमीटर भरतो, म्हणजे जागेवर ६ मीटर. प्लॉटची खोली मात्र २३ मिलिमीटरच्या वर भरते, म्हणजे साडेसोळा मीटर बरोबर. थोडक्यात, नकाशात रस्ते ६ मीटरचे काढले, अक्षरात ९ मीटर लिहिले, आणि दोन रस्त्यांतून वाचवलेले सहा मीटर चार रांगांना दीड-दीड मीटर वाटून टाकले.

मग मंजूर रेखांकनाची सही-शिक्क्याची प्रत मागवून बघायची. तिच्यात रस्ते ९ मीटरचे आणि प्लॉट ९ × १५ मीटरचे असतील तर बेरीज चोख जुळते: चार रांगांचे ६० आणि रस्त्यांचे १८, मिळून ७८ मीटर. क्षेत्रही ७,८०० च येतं. म्हणजे घेणाऱ्याला प्रत्यक्षात १,४५३ चौरस फूटच मिळणार, आणि पैसे १,५९८ चे जाणार. वरचे १४५ चौरस फूट रस्त्यात आहेत. भाव समजा ८०० रुपये फूट धरला तर १ लाख १६ हजार रुपये. एवढंच नाही. घेणाऱ्यानं साडेसोळा मीटरवर कंपाउंड घातलं तर त्याची भिंत मंजूर रस्त्यात दीड मीटर पुढे येते. पुढे रस्ता रुंद करायची वेळ आली की पाडायला येणारा कंपाउंडवाल्यालाच शोधतो.

म्हणून बेरजेची सवय लावावी. एका सरळ रेषेवरची सगळी मापं मिळून हद्दीच्या मापाएवढी यायला हवीत. प्लॉट, रस्ते आणि खुली जागा मिळून गटाचं क्षेत्र यायला हवं. आणि नकाशावर लिहिलेलं माप एक सांगत असेल आणि पट्टी दुसरंच, तर लगेच पट्टी खरी मानू नये. नकाशाच्या कामात लिहिलेलं माप वरचढ मानतात, कारण कागद आक्रसतो, प्रिंट हलते. पण लिहिलेली मापंच आपसात जुळत नसतील, तर तो नकाशा हातात धरून पैसे मोजू नयेत.

तिरका प्लॉट: चार बाजू पुरत नाहीत

ओढ्याकडचा, वळणावरचा किंवा गटाच्या शेवटचा प्लॉट बहुधा तिरका असतो. अशा प्लॉटचं क्षेत्र काढताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन गुणाकार करायची जुनी रीत आहे. या रीतीत क्षेत्र कधीच कमी येत नाही. प्लॉट काटकोनात असेल तरच बरोबर येतं, नाही तर नेहमी जास्तच येतं. म्हणजे चूक दरवेळी विकणाऱ्याच्या फायद्याची.

उदाहरण घ्या. प्लॉटच्या समोरासमोरच्या बाजू ९-९ आणि १५-१५ मीटर आहेत. काटकोनात असेल तर क्षेत्र १३५ चौरस मीटर. पण तो एका अंगाला कललेला असेल, बाज ढिली होऊन तिरकी व्हावी तसा, तर चारही बाजू तेवढ्याच राहतात आणि क्षेत्र घटतं. हे ओळखायला कर्ण मोजायचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. ९ × १५ च्या सरळ प्लॉटचे दोन्ही कर्ण सारखे, साडेसतरा मीटरला किंचित कमी भरतात. एक कर्ण १४ मीटर आणि दुसरा २०.४ मीटर भरला, तर त्या प्लॉटचं क्षेत्र १२३ चौरस मीटरच आहे. बाजू जराही न बदलता सुमारे १२५ चौरस फूट गेले.

कर्ण सारखे नसतील तर एका कर्णावरून प्लॉटचे दोन त्रिकोण करावेत. प्रत्येक त्रिकोणात त्या कर्णापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजावं. कर्ण गुणिले ते अंतर, भागिले दोन, हे एका त्रिकोणाचं क्षेत्र. दोन्हींची बेरीज म्हणजे प्लॉट. वरच्या उदाहरणात १४ मीटरच्या कर्णापासून दोन्ही कोपरे ८.८-८.८ मीटरवर येतात. १४ गुणिले ८.८ भागिले २ म्हणजे ६१.६, आणि असे दोन मिळून १२३.

कागद झाला, आता जागेवर

कागद जुळला तरी खांब त्याच जागी रोवलेत हे कशावरून? त्यासाठी टेप घेऊन जावं, आणि सोबत एक माणूस असावा. एकटा प्लॉट मोजण्याऐवजी लांब अंतर मोजावं. नऊ प्लॉटची रांग ८१ मीटर भरते का, समोरासमोरच्या खांबांमध्ये रस्ता ९ मीटर आहे का, हे बघावं. प्लॉट एकेक करून मोजला की प्रत्येक वेळची चार-दोन सेंटिमीटरची चूक साचत जाते. त्यानंतर आपल्या प्लॉटच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण घ्यावेत.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकून मोजू नये. नकाशावरचं अंतर हे सपाटीचं असतं. १५ मीटरच्या उतारात ३ मीटरची चढण असेल तर सपाटीचं अंतर १४.७ मीटरच भरतं. टेप आडवा ताणून धरावा, खालच्या टोकाला ओळंबा सोडावा आणि तुकड्या-तुकड्यानं मोजावं.

किती फरक चालतो, हेही माहीत हवं. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे वाचणं साहजिक आहे. १:५०० च्या नकाशावर त्याचे जागेवर २५ सेंटिमीटर होतात, १:१००० वर अर्धा मीटर. ९ × १५ च्या प्लॉटच्या दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिलिमीटर कमी वाचल्या तर क्षेत्र १३५ ऐवजी १२९ येतं. म्हणून पट्टीच्या जोरावर पाच-सहा चौरस मीटरसाठी कोणाला खोटं ठरवू नये. पण रस्ता ९ ऐवजी ६ मीटर भरतोय, बेरजेत सहा मीटर वाढतायत, क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त येतंय, या गोष्टी पट्टीच्या चुकीत बसत नाहीत.

आणि ही तपासणी फक्त आपला संशय फेडण्यासाठी आहे. तिच्या आधारे शेजाऱ्याचा खांब उपटता येत नाही की हद्द ठरवता येत नाही. हद्द ठरते ती तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्यावर. व्यवहार मोठा असेल, किंवा कागद आणि जागा जुळत नसेल, तर गटाच्या मोजणीचा नकाशा आणि मंजूर रेखांकनाची प्रत विकणाऱ्याकडे मागावी. दोन्हींच्या बाहेरच्या हद्दी एकमेकींशी जुळतात का, ते बघावं. नसेल तर मोजणी झाल्यावरच व्यवहार करू, असं स्पष्ट सांगावं.

खरेदीखतात क्षेत्र लिहिताना चौरस मीटर, चारही बाजूंची मापं आणि मंजूर नकाशातला प्लॉट नंबर लिहून घ्यावा. नुसतं 'सुमारे दीड गुंठा' असं लिहू देऊ नये. 'सुमारे' या एका शब्दात १८० चौरस फूट सहज मावतात.